बचत गटाच्या हिशोबातला २०४ रुपयांचा फरक : माझा अनुभव

गटाचं पासबुक छापून घ्यायला मला तालुक्याच्या बँकेत तीन खेपा घालाव्या लागल्या. ऐन कापूस वेचणीत तीन दिवसांची मजुरी बुडाली. पहिल्या दिवशी मशीन बंद होतं. दुसऱ्या दिवशी सांगितलं, खात्याचा उतारा हवा असेल तर अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या सहीचा, गटाचा शिक्का मारलेला अर्ज आणा. हेच पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर एक खेप वाचली असती. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून आधी तेच लिहिलं.

आमचा गट परभणी जिल्ह्यातल्या एका गावात आहे. बारा जणी आहोत, महिन्याला २०० रुपये बचत, अंतर्गत कर्जाला महिना शेकडा दोन रुपये व्याज. वह्या मी लिहिते. दोन वर्षं झाली तेव्हा गटातली एक बाई कायमची पुण्याला निघाली. तिची बचत आणि तिच्या वाट्याचं व्याज काढून द्यायचं होतं, म्हणून सगळ्यांचाच वाटा काढून खात्याला लिहायचं ठरलं. नगद फक्त तिलाच द्यायची होती, कारण बाकीचा बराचसा पैसा कर्जात फिरत होता.

वाटा काढायच्या आधी हिशोब जुळवावा लागतो. एका बाजूला गटाकडे आलेला पैसा, म्हणजे बचत, मिळालेलं व्याज आणि दंड, त्यातून खर्च वजा. दुसऱ्या बाजूला तो पैसा आज कुठे आहे ते, म्हणजे बायांकडचं येणं कर्ज, बँकेतली शिल्लक आणि पेटीतली रोकड. दोन्ही बेरजा सारख्या यायला पाहिजेत. आमच्या वहीत बचत ५७,६०० होती, व्याज ११,३८०, दंड २४०, वह्या-पेनांचा खर्च २३६. म्हणजे एकूण ६८,९८४. दुसऱ्या बाजूला कर्ज ५२,२००, बँकेत १५,७८० (हा आकडा मोबाईलवरच्या मेसेजमधला) आणि पेटीत ८००. बेरीज ६८,७८०. २०४ रुपये कमी!

दोन रात्री मी बेरजा तपासल्या. घरचे म्हणाले, खिशातून २०४ टाक आणि मोकळी हो. मी टाकले नाहीत. स्वतःचे पैसे टाकून पेटीतली रोकड वाढते, पण चूक वहीत होती तशीच राहते. २०४ हा आकडा कुठल्याच व्यवहाराशी जुळत नव्हता, म्हणून बँकेच्या बाजूने शोधायचं ठरवलं. पासबुक आठ महिने छापलेलं नव्हतं. त्यासाठीच त्या तीन खेपा.

उतारा हातात आला तेव्हा त्यात आमच्या वहीत नसलेल्या दोन नोंदी निघाल्या. बँकेने आम्हाला २१४ रुपये व्याज दिलं होतं आणि ११८ रुपये कापून घेतले होते. म्हणजे बँकेत आमच्या वहीपेक्षा ९६ रुपये जास्त होते. मेसेजमधल्या १५,७८० मध्ये ते आधीच धरलेले होते, म्हणून त्या दोन्ही नोंदी वहीत घेतल्या तर फक्त आलेल्या पैशाची बाजू वाढून ६९,०८० झाली आणि फरक २०४ चा ३०० वर गेला. फरक मिटवायला गेले आणि तो वाढला. बसस्टँडवर बसून मला रडू आलं, हे खरं आहे.

पण गाडीत बसल्यावर लक्षात आलं की ३०० हा ओळखीचा आकडा आहे. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या म्हणून २०४ दिसत होते. ३०० म्हणजे १०० तीन वेळा, आणि १०० म्हणजे ५,००० कर्जाचं एका महिन्याचं व्याज. घरी येऊन ५,००० कर्जवालीचं पान उघडलं. श्रावण, भाद्रपद आणि आश्विन या तीन महिन्यांत कापूस विकेपर्यंत तिने फक्त व्याज भरलं होतं. रोकडवहीत मी ते बरोबर 'व्याज १००' असं लिहिलं, पण खातेवहीत मुद्दलाच्या रकान्यात टाकलं. तिचं येणं ४,९००, ४,८००, ४,७०० असं उतरत गेलं. ४,९०० चं व्याज ९८ होतं आणि पुढच्या महिन्यात मी १००च घेतले होते, तिथेच मला कळायला पाहिजे होतं. शेकड्याच्या हिशोबाने व्याज आणि बाकी जुळतात का, हे दर महिन्याला त्याच ओळीत बघा.

तिला सांगायचं मला अवघड वाटत होतं. वहीत तिच्याकडे ४,७०० होते आणि मी ५,००० म्हणणार होते. पण ती घरी जाऊन स्वतःचं पासबुक घेऊन आली. त्यात ५,०००च होते. ते बैठकीत तिच्यासमोर लिहिलेलं होतं. खातेवही मात्र मी रात्री घरी, कागदावरून उतरवायचे. तेव्हापासून खातेवहीसुद्धा बैठकीतच लिहिते. वेळ लागला तर लागू द्या.

आता कर्ज ५२,५००, बँक १५,७८०, रोकड ८००, बेरीज ६९,०८०. जुळलं. त्यातली बचत वजा केली की वाटायला ११,४८० रुपये. फक्त हातात आलेलंच व्याज धरायचं, थकलेलं धरायचं नाही. आणि गटाला फिरता निधी मिळालेला असेल तर तोही यात घ्यायचा नाही, तो कुणा एकीचा नसतो.

वाटपावर भांडण झालं. दोघी जणी एक वर्ष उशिरा आल्या होत्या. त्यांनी मागच्या बारा महिन्यांचे २,४०० एकदम भरले होते, म्हणून सगळ्यांच्या पासबुकात बचत ४,८००च दिसते. पुण्याला निघालेली त्यांतलीच एक. ती म्हणाली, "मी बी तेवढेच भरलेत की वहिनी, मला कमी काऊन?" सारखं वाटलं तर प्रत्येकीला ९५६ रुपयांच्या थोडं वर येत होते. मी विचारलं, "पहिल्या वर्षी तुझ्या पैशातून कुणाला कर्ज दिलं, सांग बरं?" ती गप्प झाली. तिचे पैसे तेव्हा गटात नव्हतेच.

मग पैसा किती महिने गटात राहिला त्यावर मोजलं. पहिल्यापासूनच्या बाईचे पहिले २०० रुपये २४ महिने राहिले, दुसरे २३ महिने, असे शेवटचे एक महिना. २०० ला २४ ते १ च्या बेरजेने, म्हणजे ३०० ने गुणलं की ६०,०००. उशिरा आलेलीचे २,४०० बारा महिने राहिले, ते २८,८००. पुढच्या बारा हप्त्यांचे २०० गुणिले ७८ म्हणजे १५,६००. मिळून ४४,४००. दहा जणींचे सहा लाख आणि दोघींचे ८८,८०० अशी बेरीज ६,८८,८०० झाली. ११,४८० त्या प्रमाणात वाटले तर जुन्या बाईला १,००० आणि उशिराच्या बाईला ७४० आले. सगळं फळ्यावर लिहून दाखवलं. तिने दोनदा स्वतः गुणाकार केला, मग हो म्हणाली.

हा नियम तिला गटात घेतानाच इतिवृत्तात लिहायला पाहिजे होता. तुमच्या गटात नवी बाई येणार असेल तर त्याच बैठकीत ठराव लिहून तिची सही घ्या.

बँकेतून पैसे काढून तिला ४,८०० आणि ७४० मिळून ५,५४० दिले आणि सही घेतली. त्या रात्री पुन्हा मांडलं. कर्ज ५२,५००, बँक १०,२४०, रोकड ८००. गटाकडे उरले ६३,५४० आणि वहीतही ६३,५४०.