खिळ्याने खरवडलेला संगमरवर

१९८७ साली मी दहावीत असताना आमच्या रसायनशास्त्राच्या सरांनी फरशी बसवणाऱ्या एका मिस्त्रीकडून मागून आणलेले संगमरवराचे दोन तुकडे मेजावर ठेवले. एकावर विरल नायट्रिक आम्ल आणि दुसऱ्यावर विरल सल्फ्युरिक आम्ल सोडले. दोन्ही फसफसले. पहिला फसफसतच राहिला, दुसरा मात्र थोड्याच वेळात थंडावला. आम्हाला वाटले, आम्ल संपले. सरांनी काही न बोलता खिशातून खिळा काढून दुसरा तुकडा खरवडला आणि त्या रेघेवर पुन्हा बुडबुडे आले. शाळेच्या या अंकासाठी आम्लपावसाबद्दल काय लिहावे असा विचार करताना मला पहिल्यांदा ती रेघच आठवली.

ही दोन आम्ले पावसात कशी येतात, ते सरांनी आधीच सांगितले होते. कोळशातले गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो. नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र बहुतांशी इंधनातून येत नाहीत; इंजिनाच्या भट्टीसारख्या उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन ती तयार होतात. उन्हात हवेत निर्माण होणारे हायड्रॉक्सिल हे अल्पायुषी मूलक नायट्रोजन डायऑक्साइडचे नायट्रिक आम्ल करते, आणि त्याला साधारण एक दिवस पुरतो. कोरड्या हवेत सल्फर डायऑक्साइडचे रूपांतर याहून बरेच सावकाश होते, पण तोच वायू ढगाच्या थेंबात विरघळला की तिथले हायड्रोजन पेरॉक्साइड त्याचे झपाट्याने सल्फ्युरिक आम्ल करते. म्हणूनच धुराडे एका मुलखात आणि आम्लपाऊस शेकडो किलोमीटर दूर, असे घडू शकते. एक गोष्ट ते बजावून सांगत: स्वच्छ पाऊसही उदासीन नसतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळेच त्याचा पीएच सुमारे ५.६ असतो, तेव्हा मोजणी ७ पासून नव्हे, तिथून खाली करायची.

आता खिळ्याकडे. संगमरवर म्हणजे मुळात चुनखडीच. नायट्रिक आम्लाने होणारे कॅल्शियम नायट्रेट पाण्यात सहज विरघळून जाते, म्हणून दगड उघडाच राहतो. सल्फ्युरिक आम्लाने मात्र जिप्सम तयार होते, ते लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम विरघळते आणि दगडावर पापुद्र्यासारखे बसून आम्लाची वाट अडवते. हे वाचून जिप्सम दगडाचे रक्षण करते असे वाटेल, पण इमारतीवर तसे होत नाही. जिथे पावसाची धार लागते तिथे ते हळूहळू धुऊन जाते आणि पांढरा, झिजलेला दगड दिसतो. छज्ज्याखाली, जिथे ओल पोहोचते पण धार पोहोचत नाही, तिथे ते साठते, काजळी धरून काळे पडते, आणि मूळ चुनखडीपेक्षा सुमारे दुप्पट जागा व्यापत असल्याने त्याचा पोपडा फुगून दगडाचा थर घेऊनच गळतो. त्यामुळे चुनखडीच्या भिंतीवर काळा आणि पांढरा भाग शेजारी दिसला की त्या भिंतीवर पाऊस कुठून वाहतो हेच आपण वाचत असतो.

मातीचा प्रयोग त्यानंतरच्या आठवड्यात झाला. एका नरसाळ्यात इंदूरजवळच्या शेतातली काळी माती, दुसऱ्यात माझ्या वर्गमित्राने रत्नागिरीच्या मामाकडून आणलेली तांबडी माती, आणि दोन्हींवर अगदी विरल सल्फ्युरिक आम्ल. काळी माती फुगून बसल्यामुळे तिच्यातून पाणी तास संपेपर्यंत थेंब-थेंबच आले, पण निळा लिटमस निळाच राहिला. तांबडीतून आलेल्या पाण्याने तो तिसऱ्या ओतणीला लाल झाला.

सरांनी फळ्यावर हिशेब मांडला. पीएच ४ चा पाऊस वर्षाला एक मीटर पडला, तर चौरस मीटरवर हजार लिटर पाणी येते, आणि त्यातले आम्ल सुमारे ५ ग्रॅम चुनखडी संपवते. आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात. वरच्या २० सेंटिमीटरमध्ये ती फक्त एक टक्का धरली तरी चौरस मीटरला अडीच किलोच्या वर भरते, म्हणजे पाचशे वर्षांचा शिधा. जिथे चुनखडी नाही तिथे आम्लातला हायड्रोजन मातीच्या कणांना चिकटलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हुसकावून लावतो, पाणी ते खाली वाहून नेते, आणि पीएच ५ च्या खाली गेला की मातीतले ॲल्युमिनियम विरघळू लागते. त्याने मुळांची टोके वाढायची थांबतात, ओढ्यातल्या माशांच्या कल्ल्यांवर ते बसते. आम्लापेक्षा हे ॲल्युमिनियमच पुष्कळदा जास्त घातक ठरते.

त्याच पावसाळ्यात आम्ही अंगणात पातेले ठेवून पाणी धरले. लिटमस बदलला नाही, याचे आम्हाला फार वाईट वाटले. आम्लपाऊस आपल्याकडे पडावा अशीच आमची इच्छा होती. सर म्हणाले, आपल्या हवेतली चुनखडीयुक्त धूळ थेंबातले आम्ल वरच्या वर मारते.

शेवटच्या दिवशी एकाने न विचारता फळ्याच्या खडूवर आम्ल टाकले. खडू चुन्याचा, तेव्हा फसफसणारच, अशी त्याची पैज होती. काहीच झाले नाही. सरांनी तो तुकडा उचलून खरवडला, पुन्हा आम्ल टाकले, तरीही बुडबुडा नाही. "हा आतपर्यंत जिप्सम आहे," ते म्हणाले, आणि त्याच खडूने फळ्यावर समीकरण लिहायला वळले.