सरासरीने दाखवलेला तोटा

२८ मार्च २०२५, शुक्रवार. आर्थिक वर्ष सोमवारी संपत होतं, पण त्या सोमवारी ईदची सुट्टी असल्याने बाजाराचा शेवटचा दिवस हाच. दुपारी एकच्या सुमारास नाशिकच्या माझ्या ऑफिसात एक पेन्शनर काका मोबाइल हातात धरूनच आले. विक्रीची ऑर्डर भरून तयार होती, फक्त बटण दाबायचं बाकी होतं.

"अगं, सप्टेंबरमध्ये ८०,००० रुपये शॉर्ट टर्म नफा झालाय. त्यावर २० टक्के कर लागणार. हे बघ, या कंपनीत तोटा आहे. २०० शेअर विकतो, ३०,००० तोटा दाखवतो, म्हणजे तेवढ्या नफ्यावरचा कर वाचेल."

स्क्रीनवर ४०० शेअर दिसत होते. सरासरी खरेदी ९५० रुपये, भाव ८००. म्हणजे शेअरमागे १५० रुपये तोटा, हे खरं. पण कर खात्याला सरासरी चालत नाही. डिमॅट खात्यात जे शेअर आधी आले, तेच आधी विकले असं धरलं जातं. म्हणून मी काकांना खरेदीच्या तारखा उघडायला लावल्या. पहिले २०० शेअर २०२२ मध्ये ७५० रुपयांनी घेतलेले, दुसरे २०० सप्टेंबर २०२४ मध्ये ११५० रुपयांनी.

"काका, तुम्ही २०० विकलेत तर जाणार २०२२चे. त्यात तोटा नाहीच, उलट १०,००० रुपयांचा नफा आहे, आणि शेअर १२ महिन्यांपेक्षा जुने असल्याने तो लाँग टर्म. तुमचा शॉर्ट टर्म कर एक रुपयानेही कमी होणार नाही."

काका स्क्रीनकडे बघतच राहिले. लाल रंगातला आकडा इतका ठळक असतो, की त्याच्या पोटात एक नफा आणि एक तोटा लपलाय हे कोणाच्या ध्यानात येणार? गुंतवणूकदारांना हे आधीच कोणीतरी नीट सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

नव्या शेअरांपर्यंत पोहोचायचं तर सगळे ४०० विकणं हाच मार्ग होता. तसं केलं की जुन्या लॉटचा १०,००० लाँग टर्म नफा आणि नव्या लॉटचा ७०,००० शॉर्ट टर्म तोटा. हा तोटा सप्टेंबरच्या ८०,००० मधून वजा केला की उरतात १०,०००. सेससकट कर १६,६४० ऐवजी २,०८०. आणि ते १०,००० लाँग टर्म? त्या वर्षी काकांनी फंडातून १,१०,००० रुपये लाँग टर्म नफा घेतला होता. दोन्ही मिळून १,२०,०००, म्हणजे सव्वा लाखाच्या करमुक्त मर्यादेच्या आत.

ऑर्डर बदलून टाकली. "आता लगेच परत घेतो," काका म्हणाले, कारण कंपनीवर त्यांचा विश्वास होता. मी थांबवलं. त्याच दिवशी त्याच एक्स्चेंजवर विकून परत घेतलं तर शेअर खात्यातून बाहेरच पडत नाहीत, व्यवहार इंट्राडे, म्हणजे त्याच दिवसात मिटलेला ठरतो आणि सगळी मेहनत फुकट जाते. खरेदी १ एप्रिलला करायची. मधल्या दिवसांत भाव वर गेला तर तो धोका आपलाच. विक्री आणि खरेदी दोन्हींवर लागणारा एसटीटी हा व्यवहार कर साधारण ६४० रुपये, शिवाय ब्रोकरेज. शिवाय सगळ्या ४०० शेअरांचे १२ महिने नव्याने मोजायचे. त्याआधी विकले तर २० टक्के. आणि नवी खरेदी किंमत ८०० च्या आसपास धरली जाणार, म्हणजे ११५० वाल्या शेअरांवरचा कर बराचसा पुढे ढकलला जातो, कायमचा माफ होत नाही. काकांना हे सगळं पटल्यावरच त्यांनी बटण दाबलं.

मग त्यांनी दुसरा शेअर दाखवला. तीन वर्षांपूर्वीचा, ६०,००० लाँग टर्म तोट्यात. "हाही टाकतो काढून?"

इथे बरेच जण फसतात. लाँग टर्म तोटा फक्त लाँग टर्म नफ्यातून वजा होतो, आणि सव्वा लाखाची सूट लावण्याआधी होतो. आपल्या मर्जीने तो राखून ठेवता येत नाही. काकांचा १,२०,००० नफा तसाही करमुक्तच होता. तोटा विकला असता तर नफा ६०,००० वर आला असता, कर शून्यच राहिला असता आणि पुढच्या वर्षी ओढायला काहीही उरलं नसतं. कंपनीच बुडायला लागली असती तर मी कराचा विचार न करता विका म्हटलं असतं. पण तसं काही नव्हतं, फक्त भाव पडलेला होता.

तो शेअर त्यांनी ठेवला. नव्या वर्षात घराच्या कामासाठी फंडातून पैसे काढले तेव्हा १,८०,००० लाँग टर्म नफा निघाला. त्यातले ५५,००० मर्यादेच्या वर, म्हणजे सेससकट ७,१५० रुपये कर. मग त्याच वर्षात तो शेअर विकला. तोटा तोवर ५८,००० वर आला होता. निव्वळ नफा १,२२,०००, कर शून्य.