चौथ्याकडं बघ

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मी सकाळी साडेनऊला पोचले, तेव्हा माझ्या हातात अकरा ओळींचा कागद होता. ज्या नव्या मोबाइल ॲपची टीझर फिल्म मला करायची होती, ते काय काय करतं, त्याची ती यादी. यंत्रमागावर काड्यापेटीएवढी एक डबी चिकटवायची, ती मागाची थरथर ओळखते, आणि कुठला माग चालू आहे, कुठला बंद पडलाय, हे मालकाच्या फोनवर येतं. ही झाली पहिली ओळ. मग कामगारांची हजेरी, नगावर मजुरी, सुताचा साठा, विजेचा हिशोब. सातवी ओळ होती जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, कधी बोलावलं आणि तो कधी आला, याची नोंद. अशा अकरा.

ॲप करणारे दोघं भाऊ जुळे सोलापूर नावाच्या भागात राहतात. थोरला म्हणाला, "मॅडम, अकराच्या अकरा घ्या. तीस सेकंद आहेत की. एकाला पावणेतीन."

हिशोब बरोबर होता, आणि तीच अडचण होती. अकरा गोष्टी सांगणारी फिल्म ही माहितीची फिल्म. ती ॲप आल्यावर लागते. ॲप यायच्या आधीची टीझर वेगळी असते. ती बघून माणसाच्या डोक्यात एकच प्रश्न उरायला हवा, तोही नेमका. नुसता धूर, ढोल आणि 'काहीतरी मोठं येतंय' असं चालतं, पण ज्यांचं नाव लोकांना आधीच माहीत आहे त्यांचं. अनोळखी माणसानं खिशात काहीतरी लपवलं तर आपण विचारत नाही, पुढं चालू लागतो.

म्हणून मी यादी बाजूला ठेवली आणि कारखानदार काकांना विचारलं, हे नव्हतं तेव्हा काय करायचात? काकांचे बारा माग आहेत आणि भावांनी डब्या पहिल्यांदा त्यांच्याचकडं लावल्यात. काका म्हणाले, "करणार काय? चहाला गेलो तरी कान हितंच असतंय बघा."

कारखान्यासमोर रस्त्यापलीकडं चहाची टपरी आहे. तिथं बसून काकांना एखादा माग बंद पडल्याचं आवाजावरून कळायचं. कुठला ते मात्र कळायचं नाही. आत जाऊन बघावं लागायचं.

मला स्क्रिप्ट मिळाली होती. निदान तेव्हा तसं वाटलं.

कागदाच्या मधोमध उभी रेघ मारली, डावीकडं दृश्य, उजवीकडं आवाज. पंचवीस सेकंद. पहिली सात सेकंद बारा माग धडधडतायत. एका मागाचे मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके पडतात, त्या ठोक्यावरच दृश्यं कापायची. आठव्या सेकंदाला एक माग थांबतो. टपरीवर काकांच्या हातात चहाचा भरलेला ग्लास. त्याच क्षणी खिशात फोन थरथरतो. काका फोनकडं बघतात, ग्लास ठेवतात, उठून तरातरा कारखान्याकडं जातात. फोनचा पडदा आपल्याला दिसत नाही. काळी पाटी, ॲपचं नाव, तारीख. बोलणं शून्य. बोलणं नाही याचा मला फार अभिमान वाटत होता, हे कबूल करते.

खरं शूटिंग दोन दिवसांनी होतं. तोवर मी नेहमीप्रमाणं स्वतःच्या फोनवर कच्ची फिल्म काढली. तासाभराचं काम. कागदावर जे झकास वाटतं, ते कच्च्या फिल्ममध्ये उघडं पडतं, आणि तिथं पडलेलं स्वस्तात निभावतं. मग ती तीन माणसांना दाखवली. तिघांनी तीन ठिकाणी भोकं पाडली.

पहिला टपरीवाला. सगळं बघून म्हणाला, "घरनं फोन आला काय काकांना?" म्हणजे मी नको तेवढं लपवलं होतं. माग थांबला आणि फोन वाजला, यांचा संबंध मला माहीत होता म्हणून मला दिसत होता. त्याला एक चहा पिणारा माणूस उठून जाताना दिसला, बस्स. टीझरमध्ये लपवायचं असतं ते 'कसं'. 'काय झालं' हे मात्र लख्ख दिसावं लागतं. परिणामच दिसला नाही, तर कारणाचं कुतूहल कुणाला वाटणार?

दुसरा धाकटा भाऊ. तो ॲपचा आतला भाग लिहितो, बोलतो कमी. म्हणाला, "हे खोटं आहे. त्याच क्षणी फोन वाजत नाही."

यंत्रमागाच्या धोट्यातली सुताची कांडी संपली की विणकर माग थांबवतो, नवी कांडी घालतो आणि पुन्हा चालू करतो. दिवसात हे कितीदातरी होतं. दरवेळी मालकाचा फोन वाजला तर दुसऱ्या दिवशी मालक ॲप काढून टाकेल. म्हणून यांचं ॲप मिनिटभर वाट बघतं. तेवढ्यात माग चालू झाला नाही, तरच कळवतं. मी दाखवलेली जादू ॲपला येतच नव्हती. टीझरमध्ये दहा गोष्टी झाकता येतात, पण नसलेली एक दाखवली तर ॲप घेतल्याच्या पहिल्याच दिवशी ती अंगलट येते.

मी आधी चिडले. पंचवीस सेकंदांत मिनिटभराची वाट कुठून आणू? मग टपरीवरच उपाय सापडला. माग थांबतो. ग्लास भरलेला. कट. ग्लास अर्धा. कट. ग्लासात तळाला एक घोट. आणि आता फोन थरथरतो. वेळ गेलेला दिसला, खोटं संपलं. शिवाय जे मी मागितलंच नव्हतं तेही मिळालं. थांबलेला माग आणि थरथरणारा फोन यांच्यामध्ये बघणारा श्वास धरून बसू लागला.

तिसरे होते चौथ्या मागावरचे विणकर. त्यांना सगळे मामा म्हणतात. पन्नाशी पार केलेले, घरी तेलुगू बोलणारे, आमच्याशी सोलापुरी मराठी. त्यांनी फिल्म दोनदा बघितली आणि फोन मला परत दिला.

"मालक शिव्या घालाला येतंय," ते म्हणाले.

मी म्हटलं, नाही मामा, तसं नाहीये.

"मग कशाला उठला तरातरा? माग थांबला की माझी बी मजुरी बुडती, मॅडम. नगावर पैसे हाईत. ते तुमच्या ह्याच्यात कुठं दिसंना."

ही सगळ्यात मोठी चूक होती आणि ती माझ्या धंद्याच्या मुळाशीच होती. आपण फिल्ममध्ये जागा रिकामी सोडतो, ती बघणाऱ्यानं स्वतः भरावी म्हणून. पण तो ती स्वतःजवळ असेल त्यानंच भरतो. कारखानदार ती कुतूहलानं भरेल, मामांनी धाकानं भरली. आणि टीझर कारखानदारांसाठी असली तरी व्हॉट्सॲपवरून ती पहिल्या दिवशीच विणकरांच्या फोनवर जाणार. डबी त्यांच्याच मागावर चिकटणार. ती 'आपल्यावर पाळत' आहे असं एकदा बसलं, की डबी कधी पडेल, कधी भिजेल, सांगता येत नाही.

दुपारी आम्ही कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही घेऊन गोदामात बसलो. थोरल्याचं म्हणणं, खाली एक ओळ टाकू, 'कामगार आणि मालक दोघांसाठी'. ती मी हाणून पाडली. दृश्य धाक सांगतंय आणि अक्षरं प्रेम सांगतायत, तर माणूस दृश्यावरच विश्वास ठेवतो. मग मी काकांना विचारलं, माग बंद पडला की तुम्ही खरंच धावत जाता का?

"मी जाऊन काय करू? जॉबरला फोन करतो."

एवढंच होतं. काकांना उठवायचंच नाही. ते बसल्या बसल्या पडद्याकडं बघतात, फोन कानाला लावतात आणि शांतपणे म्हणतात, "चौथ्याकडं बघ." पुढचं दृश्य, थांबलेल्या मागात जॉबरचा हात शिरतो, शेजारी मामा कंबरेवर हात ठेवून उभे. काळी पाटी.

या दोन शब्दांनी टपरीवाल्याचं भोक बुजलं आणि मामांचंही. फोन घरचा नाही, मागाचा आहे, हे कळलं. बिघाड मागाचा आहे, माणसाचा नाही, हेही कळलं. आणि प्रश्न धारदार झाला. माग थांबल्याचं टपरीवर आवाजावरून कळत असेल एक वेळ, पण चौथा हे कसं कळलं? ज्यानं आयुष्यात एकदा कारखाना चालवलाय त्याला हा प्रश्न टोचणारच.

आवाजाचं थोडं सांगायला हवं. माग चालू असताना तिथं बोलणं रेकॉर्ड होत नाही, माणसं एकमेकांच्या कानाशी ओरडतात. म्हणून काकांचं वाक्य आम्ही नंतर बंद खोलीत घेतलं. बारा मागांच्या गदारोळात एक थांबला तर फोनच्या छोट्या स्पीकरवर काहीच फरक जाणवत नाही, म्हणून चौथ्या मागाचा ठोका एकट्याचा वेगळा घेऊन वर आणला आणि मग तोडला. एवढं करूनही पुष्कळ लोक आवाज बंद ठेवूनच बघणार. त्यांच्यासाठी चौकट बदलली. दोन्ही बाजूंचे माग हलतायत, मधला स्तब्ध, असं एकाच उभ्या चौकटीत बसवलं. मुका करून बघितलं तरी थांबणं दिसत होतं. काकांचं वाक्य तेवढं अक्षरांत दिलं.

पाटीवर तारखेऐवजी 'गड्ड्याला येतंय' लिहिलं. गड्डा म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, ती संक्रांतीच्या सुमाराला असते, हे सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही, आणि भावांना दोन-चार दिवस इकडं-तिकडं करायला जागा मिळाली. पुण्याच्या माझ्या मावसभावानं 'खड्ड्यात का येतंय?' असं विचारलं, पण ॲप त्याच्यासाठी नव्हतंच. पाटीखाली प्ले स्टोअरचं पान, जिथं Pre-register दाबलं की ॲप आल्यावर फोनवर कळतं. ही आगाऊ नोंदणी उघडल्यापासून नव्वद दिवसांत ॲप आणावं लागतं. म्हणून थोरल्याला मी आधी कोड कुठवर आलाय ते विचारलं आणि मगच पान उघडू दिलं.

संध्याकाळी पाळी बदलताना नवी कच्ची फिल्म मामांना दाखवली. या वेळी त्यांनी ती एकदाच बघितली. मी वाट बघत होते, की आता 'चौथा कसं कळलं' असं विचारतील.

"जॉबर किती वेळात आला?" त्यांनी विचारलं. "आमच्या हितं तासतास येत नाही."

धाकट्यानं माझ्याकडं बघितलं. मग माझ्याच पिशवीतनं सकाळची यादी काढली, मी काट मारलेली सातवी ओळ शोधली आणि मामांच्या पुढ्यात धरली.