डबल टीप मारलेलं जॅकेट

मागच्या जुलैत राजमाचीहून परतताना माझा उजवा खांदा आतून ओलाचिंब झाला होता. डावा कोरडा. घाम असता तर दोन्ही खांदे सारखे भिजले असते, म्हणजे जॅकेट गळत होतं. आणि उजव्या खांद्यालाच उन्हाळ्यात एक टीप घालून घेतली होती. करवंदीच्या जाळीत शिवण उसवली तेव्हा आमच्या आळीतल्या शिंपीकाकांकडे टाकलं होतं. काका म्हणाले होते, "ताई, डबल टीप मारलीय, आता हलायचं नाही." ते खरंच हललं नाही. पण पाणी आत आलं.

घरी बाथरूममध्ये तपासलं. बालदीच्या तोंडावर जॅकेटचा खांदा पालथा न घालता बाहेरची बाजू वर ठेवून पसरला, मधे थोडा खळगा केला आणि दोन मग पाणी ओतलं. दहा मिनिटांनी खालून पाहिलं, तर टिपेच्या रेघेवर मण्यांसारखे थेंब ओळीनं लटकलेले. बाकीचं कापड खालून कोरडं होतं, पण वरून गडद, ओलं दिसत होतं. म्हणजे दुखणी दोन होती, आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

गडदपणाचं आधी सांगते. माझं जॅकेट लॅमिनेट आहे: बाहेर नायलॉन आणि त्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेला पातळ पडदा, म्हणजे मेंब्रेन. पाणी अडवतो तो पडदा. बाहेरच्या नायलॉनवर डीडब्ल्यूआर नावाचा लेप असतो, त्यामुळे पाणी अळूच्या पानावरच्यासारखं थेंब होऊन घरंगळतं. हा लेप मळ, तेल आणि बॅगेच्या पट्ट्यांच्या घासण्यानं जातो. मग नायलॉन पाणी पिऊन घेतं. पडदा शाबूत असेल तर पाणी तरीही आत येत नाही, पण आतली वाफ ओल्या कापडातून बाहेर पडत नाही. अंगावरच घाम साचतो, आणि आपण "जॅकेट गळतंय" म्हणून मोकळे होतो.

यावर उपाय सोपा होता. साध्या साबणाच्या पाण्यात धुतलं, दोनदा खळबळून काढलं, कारण साबण राहिला तर तोच पाणी ओढतो. कपडे मऊ करणारं द्रव तर अजिबात वापरायचं नाही. पाणी परतवणारा स्प्रे मारला, वाळवलं, वर सुती पंचा टाकून कोमट इस्त्री फिरवली. उबेनं लेप पुन्हा बसतो.

टिपेचं दुखणं वेगळं. सुई जाते तिथे पडदाही भोसकला जातो, आणि धागा कितीही घट्ट असला तरी भोक बुजत नाही. उलट पाणी धाग्याच्या अंगानं आत चढतं. शिवण १५ सेंमीची, सेंमीला साधारण ३ टाके, टिपा दोन. म्हणजे नव्वदेक भोकं. मजबुतीसाठी मारलेल्या दुसऱ्या टिपेनं ती दुप्पट केली होती. त्यात वर बॅगेचा पट्टा, पाणी दाबून आत ढकलणारा. म्हणून कारखान्यात प्रत्येक शिवणीवर आतून गरम हवेनं पट्टी चिकटवतात, ती सीम टेप. काकांनी शिवण नवी केली तेव्हा जुनी टेप उसवली गेली होती, आणि त्यांच्याकडे तसली टेप नव्हतीच. चूक त्यांची म्हणता येणार नाही. मीच सांगितलं नव्हतं.

इस्त्रीनं चिकटणारी २० मिमी रुंदीची टेप मागवली. जुन्या गोंदाचा चिकटा स्पिरिटनं पुसला, नाहीतर नवा गोंद धरत नाही. टेपेची गोंदाची बाजू शिवणीवर, त्यावर पंचा, आणि वाफ न सोडणारी मध्यम इस्त्री. इथे सरकवायचं नाही, दाबून धरायचं. सरकवलं की पट्टी वाकडी बसते. गार होईपर्यंत हात लावला नाही. मग नखानं कड उचलून पाहिली, हलली नाही. बालदीची परीक्षा पुन्हा घेतली. वीस मिनिटं, एक थेंब नाही.

(बाहेरचा लेप सिलिकॉनचा असेल, काही तंबूंना असतो तसा, तर ही टेप तिथे धरत नाही. आणि आतला थर चिकट होऊन पापुद्रे निघायला लागले असतील, तर टेप कशावर चिकटवणार? ते कापड संपलेलं असतं.)

ऑगस्टमध्ये पुन्हा राजमाची. खांदा कोरडा राहिला, पाठ मात्र घामानं भिजली. त्याला इलाज नाही: पडद्यातून वाफ जाते ती आत बाहेरपेक्षा जास्त ओलावा असेल तेव्हाच, आणि पावसाळ्यात धुक्यात बुडालेल्या सह्याद्रीत हा फरक फार कमी उरतो. चढावर काखेतल्या चेन उघड्या ठेवल्या, तेवढाच वारा. घरी आल्यावर टेपेचं एक टोक सुटलेलं दिसलं. तेवढंच एक मी चौकोनी कापलं होतं. बाकीची टोकं गोल होती. कात्रीनं तेही गोल केलं आणि पुन्हा इस्त्री दाबून धरली.