तुम्ही विचारलंत म्हणून: गोळ्या खाऊन झालेलं लेकरू

"लुपस असताना लेकराचं धाडस केलंच कसं? आणि पोटात लेकरू असताना इतक्या गोळ्या खाव्याच कशा वाटल्या?"

धाडस नव्हतं हो, वाट पाहणं होतं. पण वाट पाहण्याची गोष्ट ऐकायला कुणाला वेळ नसतो. सेलूच्या बाजारात पिशवी हातात धरून विचारलं की मी "देवाची कृपा" म्हणून मोकळी होते. आज नीट सांगते.

लुपस म्हणजे अंगाची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अंगावर उलटते तो आजार. लग्नाआधीच तो मूत्रपिंडाला लागला होता, बायोप्सी झाली होती आणि प्रतिकारशक्ती दाबणारं मायकोफेनोलेट चालू होतं. या गोळीवर दिवस गेले तर गर्भपात होऊ शकतो, किंवा बाळाच्या कानात, चेहऱ्यात, काळजात व्यंग येऊ शकतं. म्हणून ती बंद करून पोटात बाळ असताना चालणारी ॲझाथायोप्रिन दिली. माझं वजन ५० किलो, तेव्हा दिवसाला १०० मिलीग्रॅम. मायकोफेनोलेट बंद करून सहा आठवडे झाले की ते अंगातून गेलेलं असतं, म्हणून मला वाटलं, दीड महिन्यात मोकळीक मिळेल. संभाजीनगरच्या संधिवाताच्या मॅडम म्हणाल्या, "औषध जायला दीड महिना. पण नव्या गोळीवर आजार शांत राहतो का, ते कळायला निदान सहा महिने." लघवीतून जाणारी प्रथिनं कमी व्हावीत म्हणून चालू असलेली टेल्मिसार्टनही काढली, कारण ती बाळाच्या मूत्रपिंडाला बाधते. ती काढल्यावर प्रथिनं वाढतात का, हेही पाहायचं होतं. सात महिने दर महिन्याला लघवी, रक्त आणि सेलू ते संभाजीनगर रेल्वे. प्रथिनांचा आकडा ०.३ च्या आसपास थांबला, तेव्हा कुठे होकार मिळाला.

इथपर्यंत मी शहाणी होते. पुढचं सांगायला जड जातं.

दिवस जाऊन तीन महिने झाले तेव्हा हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनच्या खोक्यातला तो बारीक घड्या घातलेला कागद मी उलगडून वाचला. रोज २०० ची एक गोळी मी कितीतरी वर्षं घेत होते, कागद कधी वाचला नव्हता. त्यात गरोदर स्त्रियांबद्दल सावधगिरीचं काहीबाही होतं. मॅडमनी बजावलं होतं की बाकी काही बदललं तरी ही गोळी सोडायची नाही, गरोदरपणात आजार आवरून धरते ती हीच. ते सगळं कागदापुढे फिकं पडलं. मी गोळी बंद केली आणि कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, मॅडमना तर नाहीच. पट्टीतून रोज एक गोळी काढायची आणि मोरीत टाकायची. दहा आठवडे!

मग उन्हाळा आला, आणि ऊन लुपसला भडकवतं. आमच्याकडे गच्चीवर कुरडया घातल्या की कावळे हाकायला कुणीतरी बसावं लागतं. मी बसले. डोक्यावर पदर होता, पण परभणी जिल्ह्याचं ऊन पदराला जुमानतं का? तेविसाव्या आठवड्यात पायाला सूज दिसली. सासूबाई म्हणाल्या, "पाय तर सुजतेतच की. माहे चारी खेपेला सुजले होते." खोटं नव्हतं ते. गरोदर बाईचे पाय सुजतात, ती दमते, तिच्या गालांवर वांग येतो, हिमोग्लोबिन उतरतं, रक्तातला सूज दाखवणारा ईएसआरही वाढतो. लुपस भडकला तरी यातलं बरंचसं दिसतं. म्हणून या खुणांवर विसंबता येत नाही.

मला शंका आली ती फेसामुळे. सकाळी लघवीला फेस आला, पाणी ओतलं तरी मोडेना. घरी लघवीतली प्रथिनं तपासायच्या पट्ट्या होत्या. ठरावीक वेळ मोजून पट्टी धरली, तर रंग डब्यावरच्या 'दोन प्लस'च्या चौकटीशी जुळला. मागच्या आठवड्यात तो पिवळसर होता. मी पट्टी पदरात लपवून न्हाणीघरातून बाहेर आले, जशी काही चोरी करून निघाले.

गावातल्या दवाखान्यात रक्तदाब १३०/८४ भरला. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ०.९ आलं, कागदावर 'नॉर्मल'च्या रकान्यात. "घाबरू नका, महिन्याने दाखवा," असं सांगितलं. मला मागचा आकडा पाठ होता, ०.५. गरोदरपणात मूत्रपिंड जास्त रक्त गाळतं, त्यामुळे हा आकडा खाली जायला हवा. बाकीच्यांना चालणारं ०.९ माझ्या पोटातल्या लेकरासकट नॉर्मल नव्हतं. रात्रीच मॅडमना फोन केला, पहाटे गाडी धरली.

तिथे प्रश्न असा होता की हा लुपस भडकलाय की गरोदरपणातला रक्तदाबाचा आजार, प्रीएक्लॅम्प्सिया? दोन्हींत प्रथिनं जातात, पाय सुजतात. पण वाटा उलट्या. प्रीएक्लॅम्प्सियावर बाळंतपण हाच उपाय, लुपसवर स्टिरॉइड वाढवून बाळाला आत राहू द्यायचं. तेविसाव्या आठवड्यात हा फरक म्हणजे लेकरू आहे की नाही, इतका मोठा.

लघवीत लाल पेशी आणि त्यांचे साचे सापडले, म्हणजे सूज मूत्रपिंडाच्या गाळणीतच होती. सी-३ हे पूरक प्रथिन गरोदरपणात सहसा वाढतं. लुपस भडकला की ते उतरतं. माझं ११० वरून ६२ वर आलं होतं. लुपसची खूण असलेलं डीएसडीएनए वाढलेलं. युरिक ॲसिड, प्लेटलेट, यकृत ठीक, रक्तदाब १४०/९० च्या खाली. एकेक आकडा पुरेसा नसतो, मॅडम म्हणाल्या, पण इथे सगळे लुपसकडेच बोट दाखवत होते. लघवीतल्या प्रथिनांचा आकडा २.१ झाला होता.

मग त्यांनी विचारलं, "गोळ्या सगळ्या चालू आहेत ना?" मी हो म्हणाले. नवरा शेजारी बसला होता. तो बाहेर पाणी आणायला गेला तेव्हा खरं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी केस पेपरवर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "आधी सांगितलं असतंस, तर परत सुरू केली असती. बस."

तीन दिवस शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन, मग तोंडाने प्रेडनिसोलोन, हळूहळू कमी करत. ॲझाथायोप्रिन तशीच. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन परत. बाराव्या आठवड्यापासून ॲस्पिरिन सुरूच होती, तेवढी मी टाकली नव्हती, कारण तिचा कागद वाचला नव्हता. पस्तिसाव्या आठवड्यात खरोखरच रक्तदाब चढला आणि सिझर झालं. पोरगी १९०० ग्रॅमची, अकरा दिवस काचेच्या पेटीत. बाळंतपणानंतरचे महिनेही भडक्याचे असतात म्हणून तपासण्या चालूच राहिल्या. अंगावर पाजताना प्रेडनिसोलोन, ॲझाथायोप्रिन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन या तिन्ही गोळ्या चालतात, तरी बाळंतविड्यासोबत "दुधातून विष जाईल" हे ऐकावं लागलंच.

गोळी सोडली म्हणून भडकला का? मी तेव्हाच्या मला पुन्हा पुन्हा हेच विचारते. ती म्हणते, ही गोळी अंगात कित्येक आठवडे टिकते, मग तिचा दोष कशावरून? मी म्हणते, दहा आठवडे होते ते. ती म्हणते, ऊन होतं, टेल्मिसार्टनही काढलं होतं, आणि गोळी घेऊनही कित्येकींना भडकतोच. मी गप्प होते. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "कारण एकच असेल असं कोण म्हणालं?" नवऱ्याला अजूनही सांगितलेलं नाही. हे वाचून कळेल.

बाजारात आता नवीन प्रश्न आहे, "दुसरं कधी?" मायकोफेनोलेट परत चालू आहे, म्हणजे पहिल्यापासून मोजायचं. तो घडी घातलेला कागद मी फेकलेला नाही. पोरीच्या जन्मदाखल्याच्या फाइलमध्ये ठेवलाय, का ते मलाही सांगता येत नाही.