अनारसे हसले तो दिवस

एक जूनच्या दुपारी आजीच्या फोनवर बँकेचा मेसेज आला. जेवणं झाली होती, आजी कॉटवर लवंडली होती, आणि फोन टीपॉयवर गुरगुरला. मी वाचून दाखवला. "प्रिय ग्राहक, आपणास वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा."

"दरवर्षी येतो मेला," आजी कूस बदलत म्हणाली. "त्यांना सांग, माझा नाहीये म्हणून."

एक जून हा आपल्याकडे अर्ध्या आजी-आजोबांचा वाढदिवस असतो, हे काही नवीन नाही. आमच्या सोसायटीत त्या दिवशी सहा ज्येष्ठ नागरिकांना एकदम फुलं देतात आणि एकच केक सहाजण मिळून कापतात. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मास्तर हजेरीपटासमोर बसायचे, समोर धोतरातला बाप उभा, त्याला पोराची तारीख ठाऊक नसायची, मग मास्तर एक जून लिहून मोकळे. पण आमच्या आजीची गंमत अशी की तिला शाळेत घालणारे मास्तर आणि तिचा बाप हे एकच गृहस्थ होते. म्हणजे ज्या माणसाला तारीख पक्की ठाऊक होती, त्यानेच एक जून 1947 लिहिलं.

"का पण?" मी विचारलं.

"सहा वर्षं पुरी लागायची ना. श्रावणातली म्हटली असती तर जूनमध्ये सहा कुठली? वर्ष गेलं असतं. दोन महिन्यांनी मोठी केली मला."

"मग खरी तारीख काय होती?"

"नाही सांगितली त्यांनी. मीही नाही विचारली." आणि ती झोपली. खरंच झोपली. मी मात्र बसले जागी.

दोन महिन्यांनी मोठी केली, म्हणजे जन्म ऑगस्टच्या आसपास. आणि श्रावण. पण आजीची आई नेहमी म्हणायची म्हणे, की तू धोंड्याच्या महिन्यातली. मी फोनवर जुनं पंचांग काढलं. सत्तेचाळीस साली श्रावण अधिक होता! जुलैच्या उत्तरार्धात सुरू झाला आणि सोळा ऑगस्टच्या अमावास्येला संपला. पंधरा ऑगस्टला चतुर्दशी, अधिक श्रावणातली. अधिक श्रावण साधारण एकोणीस वर्षांनी फिरून येतो, सहासष्टला आला, पंच्याऐंशीला, दोन हजार चारला आणि परवा तेवीस साली. तेवीस सालीही पंधरा ऑगस्टला तीच अधिक चतुर्दशी होती. मला असलं काही सापडलं की फार आनंद होतो, घरच्यांना होत नाही.

आजी उठल्यावर चहाबरोबर मी खोदायला बसले. तिला ठाऊक होतं ते सगळं ऐकीव, आईकडून आलेलं, आणि त्यात एकही तारीख नव्हती. होते ते अनारसे.

पहिलं बाळंतपण, म्हणून पणजी माहेरी आलेली, सातारा जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात. अधिक महिना, म्हणजे जावयाला वाण द्यायचं, तेहतीस अनारसे. अनारसे म्हणजे मनात आलं आणि केले असं नसतं. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. मग उपसून सावलीत पंचावर पसरायचे, पण पार वाळू द्यायचे नाहीत, हाताला ओलसर लागतील असे उचलायचे. कुटायचे, बारीक चाळायचे, गूळ किसून त्यात मळायचा, वर तुपाचं बोट, आणि गोळा डब्यात घट्ट दाबून चार-पाच दिवस ठेवायचा. गूळ पाझरतो, पीठ सैल होतं, जरा आंबूस वास येतो. मग खसखशीवर थापून तुपात सोडायचा, खसखशीची बाजू वर. तो उलटायचा नाही. झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं, जाळी पडेपर्यंत. आच मंद, आणि नजर हलू द्यायची नाही. कारण गूळ जास्त झाला किंवा पीठ फार ओलं राहिलं, की अनारसा तुपात पडताक्षणी फसफसतो आणि कणाकणाने पसरून जातो. त्याला हसणं म्हणतात. कढईभर नुसता चुरा. हे हसणं बघणाऱ्या बाईच्या तोंडावर हसू नसतं, एवढं मी लहानपणापासून पाहिलंय.

तर जावई वाणाला आलेले, ओसरीवर बसलेले. पणजीची आई चुलीपाशी. गोळा सैल झाला होता आणि खसखसही संपलेली, म्हणून धाकट्या मुलाला बाजारात पिटाळलेलं. त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. तो यायच्या आत पणजीला कळा सुरू झाल्या. आई कढई सोडून उठली, कुणा शेजारणीच्या हाती झारा आला, आणि अनारसे हसले. सगळेच. तेहतीस.

"दिवेलागणीला मी झाले," आजी म्हणाली. "आजी म्हणायची, मुलगी झाली नि वाणाचे अनारसे वाया गेले. दोन्ही एका वाक्यात."

"आणि झेंडा?"

झेंड्याची गोष्ट मला पाठ होती, तरी मी ती पुन्हा सांगायला लावली. पणजोबा आपल्या गावी परतले. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडा लागणार, नारळ फोडायचा मान त्यांचा. ते म्हणाले, मला सोयर आहे, मी कसा फोडू? तेव्हा हेडमास्तर म्हणाले, "मास्तर, झेंड्याला सोयर नसतं." फोडला नारळ.

इथे मी चहाचा कप खाली ठेवला. सोयर दहा दिवसांचं. पंधरा तारखेला ते फिटलेलं नाही, म्हणजे जन्म सहा ते पंधरा ऑगस्ट या दहा दिवसांतला. आणि बाजाराचा दिवस. त्या गावचा बाजार सोमवारचा, आणि या दहा दिवसांत सोमवार बसतो तो एकच. पंधराला शुक्रवार होता, म्हणजे सोमवार अकरा तारखेला.

"आजी! अकरा ऑगस्ट!"

रात्री बाबा, काका, आत्या सगळ्यांना मी व्हिडिओ कॉलवर गोळा केलं आणि कागदावर आकृती काढून समजावलं. काका म्हणाला, पंधरा ऑगस्टच ठेवू ना, लक्षात राहायला सोपं. आजीने मोडता घातला. "त्या दिवशी झेंड्याचं कौतुक, माझं कोण करतंय?" शेवटी अकरावर एकमत झालं. आत्याने केकवाल्याचा नंबरही टाकला ग्रुपवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी निवडता निवडता आजी म्हणाली, "अगं, सोमवारी बाजार आता भरतो. पूर्वी शनिवारी भरायचा."

मी मेथीची जुडी हातात धरून तशीच उभी. "काल का नाही बोललीस?"

"तू इतकी खुशीत होतीस."

शनिवार म्हणजे नऊ ऑगस्ट. मग सगळंच जागेवर बसायला लागलं. मास्तरांची शनिवारी सकाळची शाळा, दुपारी सुटून ते सासुरवाडीला निघाले असणार. सोमवारी कसे आले असते? मलाच आधी सुचायला हवं होतं. ग्रुपवर दुरुस्ती टाकली. काकाने विचारलं, हे फायनल ना? नऊ ऑगस्ट म्हणजे क्रांतिदिन, आत्याला तेही आवडलं. पण सत्तेचाळीसचा तो शनिवार महिन्यातला दुसरा होता, आणि काका बँकेत. दुसऱ्या शनिवारी त्याला सुट्टी. मग त्यानेच ठराव मांडला की तारखेचं लफडंच नको, दरवर्षी ऑगस्टचा दुसरा शनिवार हाच आजीचा वाढदिवस. म्हणजे तिथीसारखा, सरकता. आजीला हे एकदम पटलं. तिला तारीख ही गोष्ट मुळातच जरा आगाऊ वाटते.

2025 साली तो दुसरा शनिवार नेमका नऊ ऑगस्टलाच आला, आणि त्याच दिवशी राखीपौर्णिमा. त्यामुळे मामाआजोबाही आले, आजीचे धाकटे भाऊ, राखी बांधून घ्यायला. केकवर अठ्ठ्याहत्तरचा आकडा होता. आजीने आधी अंड्याची चौकशी केली, मग फुंकर मारली, मग नारळीभाताकडे वळली.

अनारसे दुपारनंतर. अधिक महिना नसताना कशाला, असं ती म्हणालीही, पण तांदूळ तिनेच आठवडाभर आधी भिजत घातले होते, कुणाला न सांगता. गॅसपाशी स्टूल टाकून बसली. मी थापून देत होते, मामाआजोबा दारात खुर्ची घेऊन. गप्पा जन्मतारखेच्याच. त्यांनी पिशवीतून एक लाल फडकं काढलं. त्यात त्यांची जन्मपत्रिका, गुंडाळीची, कडेला हळदीचे डाग, घटी आणि पळांसकट जन्मवेळ लिहिलेली. वडिलांनी स्वतः जोशीबुवांकडून करून आणलेली.

"ताई, तुझीही केली असेल अण्णांनी," ते म्हणाले. "कुठेतरी गेली असेल. वाडा पडला तेव्हा काय काय गेलं."

"नाही केली." आजीची नजर कढईवर. "माझं लग्न ठरत होतं तेव्हा मी पेटी बघितली होती. सगळी. तुझी होती, बापूची होती."

"मग पत्रिका जुळवली कशी?"

"नावावरून."

कुणी काही बोललं नाही. मी थापलेला अनारसा तुपात सोडला आणि तो पडताक्षणी फसफसून पसरला, खसखस चारी बाजूंना. मी जीभ चावली. आजीने झाऱ्याने चुरा गोळा केला, वाटीत निथळला, त्यातला चिमूटभर फुंकून तोंडात टाकला.

"गूळ चांगला आहे," ती म्हणाली. "थोडी पिठी लाव पुढच्याला. आणि आच कमी कर."