‘फेफो दिसत नाही’ : कँटीनच्या स्टॉक लिस्टचा माझा अनुभव

आमचं केटरिंगचं काम आहे. एका मोठ्या कंपनीचं कँटीन चालवायला घेताना वेंडर म्हणून नाव लावायचं होतं. लायसन्स, पाण्याचा रिपोर्ट, कामगारांचे मेडिकल, सगळं एका दमात झालं. अडलं ते स्टॉक लिस्टवर. लिस्ट पाठवली की परत यायची आणि खाली एकच ओळ असायची : ‘फेफो दिसत नाही.’ काय दिसत नाही, कुठे दिसत नाही, हे सांगायला कोणी तयार नव्हतं. फोन केला तर पलीकडच्या बाई म्हणायच्या, “लिस्टमध्येच दिसायला पाहिजे, सर.” अहो, पण नेमकं काय?

फेफो म्हणजे ज्याची एक्सपायरी आधी तो माल आधी बाहेर. फिफोत जो आधी आला तो आधी जातो. किराण्याला बहुतेक वेळा दोन्ही सारखंच पडतं. दुधाच्या मालाला पडत नाही, कारण डिस्ट्रिब्युटर कधी कधी जवळच्या तारखेचा माल आपल्या गळ्यात मारतो. आमचंच बघा. २ जूनला क्रीमचे २४ पॅक आले, एक्सपायरी ५ ऑगस्ट. ९ जूनला आणखी १२ आले, एक्सपायरी ८ जुलै. फिफोने जुने २४ आधी काढायचे. फेफोने नंतर आलेले १२ आधी. आमच्या लिस्टमध्ये मात्र ‘क्रीम, ३६ नग’ एवढी एकच ओळ होती. म्हणून पहिलं काम केलं ते मालाची नव्हे, बॅचची एकेक ओळ करण्याचं : माल, बॅच, एक्सपायरी, शिल्लक. मग एक्सपायरीप्रमाणे सॉर्ट केलं आणि पाठवलं.

तरी तेच. ‘फेफो दिसत नाही.’

इथे माझं डोकं फिरलं होतं. शेवटी त्यांचे क्वालिटीचे एक गृहस्थ प्रत्यक्ष स्टोअर बघायला आले आणि दोन मिनिटांत उलगडा झाला. त्यांनी किचनला माल दिल्याची एक जुनी चिठ्ठी उचलली. ‘१० जून, क्रीम ६’. विचारलं, “हे सहा कुठल्या बॅचचे? आणि त्या दिवशी फ्रिजमध्ये याच्यापेक्षा आधी संपणारं क्रीम होतं का?” स्टोअरमधला पोरगा माझ्याकडे बघायला लागला. आजची लिस्ट कितीही सुंदर सॉर्ट केलेली असली, तरी ती आज काय शिल्लक आहे तेवढंच सांगते. गेल्या आठवड्यात काय उचललं ते सांगत नाही. त्यांना हवा होता तो त्याचा पुरावा. हे एवढं एक वाक्य त्या ऑफिसातून आधी लिहून आलं असतं तर काय बिघडलं असतं?

मग दोन शीट केल्या. एक शिल्लक लिस्ट, जी सॉर्ट करून फ्रिजच्या दारावर लावायची. दुसरं आवक-जावक रजिस्टर, आणि ते कधीही सॉर्ट करायचं नाही. जसं घडलं तशा ओळी खाली खाली वाढत जातात. A मध्ये तारीख, B मध्ये माल, C मध्ये बॅच, D मध्ये एक्सपायरी, E मध्ये नग. आवक असेल तर साधा आकडा, जावक असेल तर उणे. F मध्ये हा फॉर्म्युला, समजा दहाव्या ओळीत :

```
=IF(E10<0,SUMIFS(E$1:E9,B$1:B9,B10,D$1:D9,"<"&D10),"")
```

हा फॉर्म्युला वरच्या सगळ्या ओळी बघतो आणि त्याच मालाच्या, पण आधी संपणाऱ्या बॅचची तेव्हाची शिल्लक काढतो. शून्य आलं तर फेफो पाळला. १० जूनला जुन्या बॅचचे सहा दिले असं लिहिलं की F मध्ये १२ येतात. म्हणजे आधी संपणारे १२ पॅक तेव्हा आत पडून होते. वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. रजिस्टर सॉर्ट केलं की ‘वरच्या ओळी’ याला अर्थच उरत नाही, म्हणून ती बंदी.

आता सगळ्यात चिडवणारी गोष्ट. नव्या लॅपटॉपवर हेच रजिस्टर भरताना ऑगस्टमध्ये संपणारं क्रीम लिस्टमध्ये ‘एक्सपायर’ दिसायला लागलं. लॅपटॉपची रीजन सेटिंग अमेरिकेची होती, तिथे महिना आधी आणि दिवस नंतर. आपण 05/08/2025 टाइप करतो, एक्सेल ते ८ मे समजतं. आणि 08/07/2025 होतं ७ ऑगस्ट. दोन्ही बॅचचा क्रम सरळ उलटा! डोळ्यांना कळतही नाही, कारण सेलमध्ये आकडे आपण टाकले त्याच क्रमाने दिसतात. 21/07/2025 चं आणखी वेगळं : एकविसावा महिना नसतो, म्हणून ती तारीख न राहता नुसता मजकूर होऊन बसते. वरचा फॉर्म्युला असल्या मजकुराला बघतच नाही, त्यामुळे ती बॅच पडून असली तरी F मध्ये शांतपणे शून्य. ओळखायची खूण अशी, की खरी तारीख सेलमध्ये उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. विंडोजमध्ये रीजन `English (India)` करा, तारखेचा फॉरमॅट `dd-mmm-yyyy` ठेवा म्हणजे महिना अक्षरात दिसेल, आणि आधी भरलेल्या तारखा पाकिटं समोर ठेवून पुन्हा टाका. नुसती सेटिंग बदलून जुन्या चुकलेल्या तारखा सुधारत नाहीत.

हो, एक राहिलंच. एक्सपायरीप्रमाणे सॉर्ट केलं की मुदत संपलेला माल सगळ्यात वर येतो, आणि दारावरची लिस्ट पोराला जणू सांगते, ‘हा आधी काढ.’ म्हणून शिल्लक लिस्टमध्ये ‘थांबवलेला’ असा कॉलम हवा, आणि फेकलेला माल रजिस्टरमध्ये उणे करून लिहायलाच हवा. नाहीतर पुढच्या प्रत्येक जावकेला F मध्ये खोटी चूक दिसत राहते.

फोडलेल्या पॅकचंही तसंच. क्रीमचा लिटरचा पॅक उघडला की छापील तारखेला अर्थ नाही. उघडल्यावर किती दिवसांत वापरा हे पॅकवरच लिहिलेलं असतं. आम्ही मूळ बॅचमधून एक उणे करतो आणि नवी तारीख टाकून वेगळी ओळ लिहितो, पॅकवर मार्करने तीच तारीख. काही पाकिटांवर फक्त महिना-वर्ष असतं. तिथे आम्ही त्या महिन्याची १ तारीख धरतो. कडक आहे, पण भांडण नाही. आणि ‘पॅकिंगपासून ६ महिने’ असं असेल तर तोंडी हिशोब नको, `=EDATE(पॅकिंगची तारीख,6)` करा. कंसात अर्थातच त्या सेलचा पत्ता.

तारखेला फ्रिज बंद पडल्याचं कळत नाही, हे त्या क्वालिटीवाल्यांनीच बजावलं. रात्रभर लाइट गेली असेल तर फेफो बाजूला ठेवून तापमानाची नोंद बघायची आणि संशय असेल ती बॅच थांबवायची.

यानंतर रजिस्टर पाठवलं, F कॉलमसकट, त्यात १० जूनचे ते १२ तसेच ठेवून आणि शेजारी कारण लिहून : नवी खोकी खालच्या कप्प्यात गेली होती. मला वाटलं, यावर पुन्हा परत येणार. पण मंजूर झालं, तेही एका ओळीत. त्या बाईंनी फोनवर विचारलं, हा फॉर्म्युला दुसऱ्या वेंडरना पाठवला तर चालेल का. मी म्हटलं, खुशाल पाठवा, फक्त सोबत काय हवंय तेही लिहा.